पाचशे बटणं, सहाच्या आत

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी पाचशे साठ प्रकारची बटणं एका फटक्यात ऑनलाइन बाजारात चढवली आणि खुर्चीत गर्रकन एक गिरकी घेतली. सासूबाई गल्ल्यामागून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "खुर्ची मोडेल." मी म्हटलं, "मोडू दे, नवी घेऊ!" इतकी मी हवेत होते.

आधी आमची पैज सांगते, म्हणजे दिवसभर कशाची घाई होती ते कळेल. आमचं बटणांचं दुकान. सासूबाईंनी चाळीस वर्षं चालवलेलं. भिंतभर लाकडी कप्पे, कप्प्यात कार्डं, कार्डावर शिवलेली बटणं. मी विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघायचे. दोन महिन्यांपूर्वी तिथून बिनपगारी रजा घेतली आणि सासूबाईंना म्हटलं, मी दुकान ऑनलाइन नेते. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पाचशे बटणं त्या बाजारात विकायला उभी दिसली, तर दुकानात तुझं टेबल कायमचं. नाही दिसली तर सोमवारी मुकाट्यानं ऑफिस." ऑफिसच्या साहेबांनाही मी तोच वायदा दिला होता. शुक्रवारी सहाला ते फोन करणार, मी येते किंवा येत नाही सांगायचं. नाही म्हटलं तर खुर्ची दुसऱ्याला.

आणि मला त्या खुर्चीत परत जायचं नव्हतं. खरंच नव्हतं. अकरा वर्षं मी लोकांच्या फुटलेल्या काचांचे फोटो बघितले होते. इथे कप्पा उघडला की शिंपल्याची बटणं चमकतात, लाकडाची वास देतात. मला इथेच राहायचं होतं, आणि ते सासूबाईंना तोंडानं सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून मी पैज घेतली. असतात अशी माणसं.

तर अपलोड. एकेक बटण भरत बसलं तर वर्ष जाईल. त्यासाठी बाजारवाले एक टेम्प्लेट देतात, म्हणजे एक्सेलची कोरी शीट. एका ओळीत एक माल. कोड, नाव, रंग, नग, किंमत, फोटोची लिंक, बारकोड. वरच्या शीर्षकाच्या ओळींना हात लावायचा नाही, लावला की अख्खी फाईल परत. रंगाच्या रकान्यात त्यांनी दिलेल्या यादीतलाच रंग निवडायचा. यावरून बुधवारी आमच्या घरात महायुद्ध झालं होतं. मी वीस ओळींची चाचणी फाईल पाठवली आणि वीसच्या वीस नापास! कारण सासूबाईंनी सांगितलेले रंग मी जसेच्या तसे लिहिले होते. भिजलेली वीट. शिळा चहा. रुसलेला जांभळा.

"जांभळा कसा रुसतो, आई?"

"निळ्यासोबत ठेव, मग बघ."

शेवटी रंगाच्या रकान्यात यादीतला साधा जांभळा टाकला आणि रुसलेला जांभळा वर्णनात गेला. वर्णनात काहीही चालतं. सासूबाई जरा थंडावल्या. मग नगांवरून पेटलं. आमच्या कार्डावर डझनाची बटणं तेरा असतात. बारा, आणि एक जास्तीचं, हरवलं तर म्हणून. ही सासूबाईंची जुनी रीत. मी नावात तेरा लिहिलं होतं, नगाच्या रकान्यात बारा. दोन्हींचा मेळ नाही, म्हणून नापास. दोन्हीकडे तेरा केले. गुरुवारी पुन्हा चाचणी घेतली. वीसच्या वीस पास. चाचणीला बारकोड लागत नव्हता, तो रकाना कोराच होता. मग ती चाचणीची बटणं काढून टाकली आणि शुक्रवारी सगळी एकदम चढवली. मला वाटलं होतं, मी आता या विषयाची पंडित.

बारा वाजता निकालाची फाईल आली. पास, छप्पन्न. नापास, पाचशे चार.

मी आधी हसले. खरंच. मला वाटलं आकडे उलटे आलेत.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुझं नाक लाल होतं."

पाचशे चार ओळींसमोर एकच वाक्य. बारकोड अवैध. मी कपाळावर हात मारून घेतला. बारकोडची तर मी सगळ्यात जास्त काळजी घेतली होती! तेरा आकडी नंबर एक्सेलमध्ये नुसता टाकला की एक्सेल त्याचं मधेच टिंब आणि शेपटीला ई असं भलतंच काहीतरी करून ठेवतं. ते होऊ नये म्हणून मी आधी अख्खा रकाना टेक्स्टमध्ये बदलला होता. त्याबद्दल नवऱ्याकडून दोन वेळा कौतुकही करून घेतलं होतं.

आणि पास झालेल्यांचाही काही हिशेब लागेना. पहिली ओळ पास. मग थेट अठरावी. मग पंचविसावी, बत्तिसावी, एकोणचाळिसावी. जणू कोणी डोळे मिटून बोट ठेवलंय.

हेल्पलाइनला फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली, आवाज एकदम गोड.

"मॅडम, तुम्ही बारकोड कसे भरलेत?"

"कसे म्हणजे? पहिला टाइप केला आणि खाली ओढला."

मग ती मुलगी खुदकन हसली आणि लगेच खोकली. "मॅडम, बारकोड ओढायचा नसतो."

तिनं समजावलं, ते असं. तेरापैकी शेवटचा आकडा मोजणीचा नसतोच. तो आधीच्या बारांवरून निघतो. डावीकडून एक आकडा तसाच घ्यायचा, पुढच्याला तीननं गुणायचं, परत एक तसाच, परत एक तीनपट. सगळ्यांची बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीला जायला जितकी कमी पडते, तो तेरावा आकडा. कुठे टायपिंगची चूक झाली तर पकडायला. मी पहिला नंबर धरून खाली ओढला तेव्हा एक्सेलनं प्रत्येक ओळीत एक वाढवत नेला. म्हणजे वाढत होता तो तेरावा. दहात एखादा चुकून बरोबर बसला, बाकी सगळे खोटे.

मी फोन ठेवला. सासूबाईंनी स्पीकरवर सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तेरावा हा मोजायचा नाही, राखायला ठेवलेला," त्या म्हणाल्या. "सोपं आहे की. तुला कसं नाही कळलं?"

इतका राग आला म्हणून सांगू! पण त्यांचं बरोबर होतं, त्यामुळे आणखी आला. बारकोड देणाऱ्या संस्थेनं मेलमध्ये 'अमुकपासून अमुकपर्यंत' एवढंच लिहिलं होतं, आणि नंबर म्हणजे एकामागून एक असणार, असं या शहाणीनं गृहीत धरलं. खरी यादी थेट लेबल छापणाऱ्याकडे गेली होती. त्याला फोन लावला. शुक्रवारी त्याची सुट्टी, फोन बंद.

"मग आता?"

"आता बांधते सामान ऑफिसचं," मी म्हणाले. मी शीटकडे बघत बसले होते, उगाच, जणू ती लाजून स्वतःला दुरुस्त करेल.

सासूबाई उठल्या. पहिला कप्पा उघडून एक कार्ड काढलं आणि माझ्यासमोर आपटलं. "हे मागे चिकटवलंय ते काय आहे?"

बारकोडचं लेबल. छापलेलं, खरं, तेराव्या आकड्यासकट. छापून आलेली पाचशे साठ लेबलं सासूबाईंनीच आठवडाभर बसून पहिल्या कप्प्यापासून ओळीनं चिकटवली होती. अंगठ्याची साल गेली होती त्यांची. सगळे खरे बारकोड भिंतीत होते, माझ्यापासून चार पावलांवर!

मी त्यांचा गालगुच्चा घेतला. सासूचा. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"अगं ए!" त्या ओरडल्या, पण हसत.

आणि मग सुरू झाला नुसता धुडगूस. लेबलांसाठी घेतलेला स्कॅनर काढला. स्कॅनर म्हणजे तरी काय, डोळा असलेला कीबोर्ड. शीटच्या चौकटीत क्लिक करून कार्डावर रोखायचा, टूंक वाजलं की तेरा आकडे आपोआप टाइप होतात आणि आपोआप खालची चौकट येते. ओळींना कोड कप्प्याप्रमाणेच दिले होते, म्हणून काम सरळ होतं. सासूबाई कप्पा ओढणार, मोठ्यानं कोड वाचणार, मी ओळ बघणार, टूंक. पास झालेल्या छप्पन्न ओळी बाजूला काढल्या होत्या. ती कार्डं सोडून द्यायची.

"सत्तावीस-तीन!"

टूंक.

"सत्तावीस-चार! हे बघ, हेच ते रुसलेलं."

टूंक.

"सत्तावीस-पाच नाही, ते पास झालंय. सहा!"

टूंक, टूंक.

"आई, तेच कार्ड दोनदा धरू नका! एकच बारकोड दोन ओळींत गेला की दोन्ही नापास!"

त्यावर मी डबल आलेला नंबर आपोआप लाल होईल अशी सोय केली. ती सासूबाईंना फार आवडली. दोन वाजता त्यांनी स्कॅनर माझ्या हातातून काढून घेतला. "तू ओळी बघ. हे काम हाताचं आहे." आणि काय सांगू, त्यांच्या हातात ते यंत्र आल्यावर त्यांचं वय निम्मं झालं. पदर खोचलेला, उजव्या हातात स्कॅनर. कार्ड डाव्या बोटांनी उलटायच्या, टूंक करायच्या आणि परत खोचायच्या. बाबा, म्हणजे माझे सासरे, वरून चहा घेऊन आले तर त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या गोळ्यांच्या खोक्यावरही टूंक.

"आई!"

"बघत होते, लागतोय का."

लागला होता. तीनशे एकाव्या ओळीत, हस्तिदंती कोटाच्या बटणासमोर, बाबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या उभ्या होत्या. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. बाबा म्हणाले, "तेराच्या कार्डात देऊ का?" त्यावर सासूबाईंना इतकं हसू आलं की त्या कप्प्याला धरून खाली बसल्या. गिऱ्हाईक दारात उभं होतं, एक शिंपीण. ती म्हणाली, मी नंतर येते.

पाच वाजून दहा मिनिटांनी पाचशे चारावं टूंक झालं. एकही ओळ लाल नाही. फाईल चढवली. सासूबाई, बाबा आणि मी, तिघं एका स्क्रीनसमोर. प्रक्रिया चालू, प्रक्रिया चालू. पाच पस्तीसला निकाल आला.

पास, चारशे चोपन्न. नापास, पन्नास.

"पन्नास का?" सासूबाई.

"जाऊ दे पन्नास! चारशे चोपन्न आणि सकाळचे छप्पन्न. किती झाले, बाबा?"

"पाचशे दहा."

मी किंचाळले. बाबांनी रिकाम्या कपांचा ट्रे वाजवला. सासूबाईंनी माझं टेबल, जे आतापर्यंत दारामागे होतं, ते हातानं ढकलत ढकलत गल्ल्याशेजारी आणलं. वायर ताणली गेली, मॉनिटर डुलला. मी नाचत होते हो, बेचाळीस वर्षांची बाई, बटणांच्या दुकानात, शटर सताड उघडं.

नाचता नाचता त्या पन्नासांवर नजर गेली. काय करणार, अकरा वर्षं क्लेम तपासलेत, कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. लिहिलं होतं, हा बारकोड आधीच दुसऱ्या मालावर नोंदलेला आहे. दुसऱ्या कुठल्या? बारकोड आमचा, दुकान आमचं.

मी अठराव्या ओळीचं कार्ड काढलं. काळं, जाड, कोटाचं बटण. सकाळी पास झालेलं, म्हणून आम्ही न स्कॅन करता सोडलेलं. आता स्कॅन केलं. कार्डावरचा नंबर वेगळा, बाजारातला वेगळा. बाजारात त्याला जो बारकोड होता तो कार्ड क्रमांक दोनचा. कार्ड क्रमांक दोन म्हणजे तान्ह्या बाळाच्या झबल्याचं गुलाबी बदक.

माझे पाय थांबले. खरंच की. खाली ओढताना जे नंबर चुकून बरोबर बसले, ते बरोबर होते, पण त्या ओळीचे नव्हते. पहिली ओळ तेवढी खरी. बाकीची पंचावन्न बटणं दुसऱ्याचा बारकोड घालून बाजारात उभी होती. ज्यांचे बारकोड ती घेऊन बसली, ती बटणं आत शिरायला गेली तर दार बंद. त्यांतली पाच स्वतःच सकाळी पास होऊन आत होती, म्हणून अडकली ती पन्नास.

सगळं मी सांगितलं. पाच चाळीस झाले होते.

"ती पंचावन्न काढली तर किती उरतात?" सासूबाईंनी विचारलं.

"चारशे पंचावन्न."

बाबांनी घड्याळाकडे बघितलं.

मग सासूबाई जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षांत कोणाला बाराचं कार्ड दिलं नाही, ती बाई माझ्याकडे न बघता कप्पा लावत पुटपुटली, "राहू दे की. सहा वाजेपर्यंत राहू दे. उद्या काढ. कोणाला कळतंय?"

मग माझा भडका उडाला. "कोणाला कळतंय? मधल्या वेळात कोणी मागवलं तर? बारकोड बघून माल काढायचा असं तुम्हीच ठरवलंत ना? माणूस काळ्या कोटाला बटण मागवेल आणि त्याला बदकं जातील! तेरा गुलाबी बदकं! तुमच्या नावानं!"

"माझ्या नावाचं मी बघीन."

"नाही बघायचं! असं टेबल मला नको."

बोलले खरी, पण बोलताना रडू फुटलं. हवं होतं हो मला ते टेबल. अस्सं शेजारी येऊन उभं होतं.

आणि मी पंचावन्न कोडांची छोटी शीट केली, कृतीच्या रकान्यात सगळ्यांसमोर 'काढून टाका' निवडलं आणि अपलोड दाबलं. पाच मिनिटांत आकडा धाडकन खाली आला. चारशे पंचावन्न.

"बघत काय बसलीस?" सासूबाईंनी स्कॅनर उचलला. "पंचावन्न कार्डं आहेत. बोल कोड!"

आता त्या सांगत नव्हत्या, मी सांगत होते आणि त्या धावत होत्या. पाच-एक, टूंक. सात-दोन, टूंक. बाबा कप्पे ओढत होते, चुकीचे ओढत होते, शिव्या खात होते. एक अख्खा कप्पा खाली आला, शिंपल्याची बटणं जमिनीवर नाचत सुटली, कोणी वाकलं नाही. पाच त्रेपन्नला पंचावन्न ओळी खऱ्या बारकोडांनी भरल्या, त्याखाली ती अडकलेली पन्नास जोडली, एकशे पाच ओळींची फाईल झाली. चढवली.

प्रक्रिया चालू.

पाच छप्पन्न, प्रक्रिया चालू. पाच अठ्ठावन्न, दहा टक्के. मी रिफ्रेशचं बटण इतक्या वेळा दाबलं की बाबांनी माझा हात धरला. सासूबाई खुर्चीवर बसून चष्मा पुसत होत्या, पुसलेलाच परत पुसत होत्या. वर आकडा तसाच. चारशे पंचावन्न.

सहा वाजले आणि फोन वाजला. साहेब वेळेचे पक्के. माझा फोन टेबलावर थरथरत गोल फिरत होता. मी हात पुढे केला, म्हणायचं काय ते ठरवलंही होतं. हो सर, सोमवारी येते.

सासूबाईंनी फोन आधी उचलला. स्क्रीनकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"हॅलो? हो, तिचाच फोन आहे. मी सासू बोलतेय. नाही, ती फोनवर येऊ शकत नाही, कामात आहे." जरा थांबल्या, पलीकडचं ऐकलं. "सोमवारी? सोमवारीसुद्धा कामात आहे. तुमची ती खुर्ची देऊन टाका हो कोणाला तरी."

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय बघतेस? खाली वाक, बटणं गोळा कर."